ब्रायडल पॅकेजची कॅप्शन: दर, ट्रायल आणि ॲडव्हान्स कोणत्या क्रमाने लिहायचे

कोल्हापुरात तुळशीचं लग्न झालं की मेकअप आर्टिस्टच्या पोस्टना ऊत येतो. फोटो सुंदर असतात, पण खालची कॅप्शन बहुतेकांची एकाच साच्यातली: दोन ओळी कौतुक, चार बदामाची चित्रं आणि शेवटी ‘दरासाठी मेसेज करा’. मग दिवसभर ‘ताई रेट सांगा की’ याला उत्तरं देत बसायचं. दर ऐकून निम्म्या गप्प होतात. उरलेल्यांपैकी एखादीशी लग्नाच्या सकाळी वाद होतो, कारण ट्रायलचे पैसे वजा होणार होते की नाही, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

हा लेख फक्त एका कॅप्शनबद्दल आहे: लग्न आणि रिसेप्शन अशा दोन लुकचं पॅकेज, त्याचे दर, ट्रायल आणि बुकिंगचा ॲडव्हान्स. यातले आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे तुमच्या कामावरून काढा, ते कसे काढायचे हे पहिल्याच टप्प्यात आहे. कॅप्शन लिहिणं पाचव्या टप्प्यावर येतं. त्याआधीचे चार टप्पे वगळून थेट मोबाइलवर लिहायला बसलात, तर लेखातला नमुना उतरवूनही गोंधळ तसाच राहील.

## टप्पा १: दर लिहिण्याआधी कागदावर हिशोब

शेजारच्या स्टुडिओचा दर बघून त्यातून हजार रुपये कमी करणं म्हणजे दर ठरवणं नव्हे. एक लग्न तुम्हाला किती खर्चात पडतं, हे आधी मांडा.

समजा, दोन लुकसाठी तुम्ही १८,००० रुपये घ्यायचं म्हणताय. दोन्ही लुकचं साहित्य, म्हणजे बेस, पापण्या, सेटिंग स्प्रे, एकदाच वापरायचे स्पंज आणि ब्रश, पिना वगैरे धरून ३,५०० रुपये. सहाय्यक मुलीचा दिवस २,५०० रुपये. शहरातल्या शहरात पेट्रोल ३०० रुपये. ट्रायलची फी पॅकेजमधून वजा करणार असाल, तर ट्रायलला लागणारं साहित्यही याच लग्नाच्या खात्यात धरा, ८०० रुपये. एकूण खर्च ७,१०० रुपये. हातात राहिले १०,९००.

आता तास मोजा. ट्रायल अडीच तास, लग्नाचा दिवस निघाल्यापासून परतेपर्यंत साधारण साडेअकरा तास, ब्रश धुणं, पेटी भरणं आणि फोनवरची बोलणी दोन तास. एकूण सोळा. म्हणजे तासाला सुमारे ६८० रुपये पडले. हा आकडा पटत असेल तर दर ठेवा. नसेल तर दर वाढवा किंवा पॅकेजमधून काहीतरी काढा. ट्रायलचे अडीच तास न धरणं ही इथली नेहमीची चूक. ट्रायल ‘फ्री’ लिहिणाऱ्यांना सीझन संपल्यावर कळतं की महिन्यात दहा ट्रायल झाल्या आणि बुकिंग चारच.

थांबा आणि तपासा: तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर कॅप्शनमध्ये ‘जीएसटी वेगळा’ असं लिहू नका, नोंदणीशिवाय तो कर घेता येत नाही. सेवा देणाऱ्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. नोंदणी असेल तर कर धरूनच एक आकडा लिहा.

## टप्पा २: पॅकेजची हद्द आखा

भांडण दरावरून क्वचित होतं. होतं ते ‘हे पण त्यातच असेल ना?’ या वाक्यावरून. म्हणून कागदाचे दोन भाग करा: आत काय, बाहेर काय. आणि ते आपल्याकडच्या लग्नाला धरून लिहा. इंग्रजी पोस्टमधून उचललेल्या यादीत मुंडावळ्या नसतात, आणि दोनदा साडी नेसवणंही नसतं.

साडीचंच घ्या. बऱ्याच घरांत अक्षतांना नवरी मामाकडची पिवळी साडी नेसते आणि अक्षता पडल्यावर शालू नेसते. घरच्यांच्या दृष्टीने तो अजून लग्नाचाच लुक आहे. तुमच्या दृष्टीने मात्र ती दुसऱ्यांदा साडी नेसवणं, दागिने उतरवून परत घालणं आणि खांद्यापाशी पिना नव्याने लावणं आहे. ‘साडी ड्रेपिंग समाविष्ट’ एवढंच लिहिलं, तर ती तुमची फुकटची अर्ध्या तासाची मेहनत झाली. ‘लग्नाच्या लुकमध्ये दोन वेळा साडी नेसवणे’ असं लिहिलं की दोघींनाही कळतं. नऊवारीला तुम्ही जास्त घेत असाल, तर तेही इथेच ठरवा.

दुसरी जागा म्हणजे घरातल्या बायका. नवरीचे केस चालू असताना दारातून करवली येते, तिच्यामागे मामी येते. ‘ताई, हिचं पण जरा करून टाका की, पाचच मिनिटं.’ ती पाच मिनिटं चाळीस होतात आणि तिकडे भटजी मुहूर्ताची आठवण करून देत असतात. तुम्ही नाही म्हणालात तर तोंड वाकडं, हो म्हणालात तर नवरीला उशीर. याचं उत्तर त्या सकाळी देता येत नाही, कॅप्शनमध्येच देऊन ठेवावं लागतं: घरातल्यांचा मेकअप प्रत्येकी इतके रुपये, नावं किमान सात दिवस आधी. सात दिवस का, तर तीनपेक्षा जास्त चेहरे असले तर दुसरी सहाय्यक बघायला तुम्हाला तेवढा वेळ लागतो.

बाहेरच्या बाजूला सहसा येतात: फुलं आणि गजरे, कृत्रिम केस, लेन्स, भाड्याचे दागिने, पहाटेची सुरुवात आणि शहराबाहेरचा प्रवास. प्रवासाचा दर किलोमीटरवर ठेवा आणि जाऊन-येऊन असं स्पष्ट म्हणा. ‘बाहेरगावचा खर्च वेगळा’ यातून काहीच कळत नाही. कागलच्या माणसाला कागल बाहेरगाव वाटत नाही, गडहिंग्लजच्या माणसाला आपला खर्च किती हे कळायला हवं असतं.

चूक जी सगळीकडे दिसते: ‘८,००० पासून पुढे’. वाचणारा ‘पासून पुढे’ वाचत नाही, आठ हजारच वाचतो. ज्या कामाचा फोटो लावलाय त्याच कामाचा दर लिहा. फोटो एअरब्रशचा आणि दर साध्या एचडीचा, असं करू नका.

## टप्पा ३: ट्रायलचे नियम ठरवा

कॅप्शनमध्ये ट्रायलला दोन-तीनच ओळी मिळतात. पण त्यांच्यामागची व्यवस्था पक्की नसेल, तर त्या ओळी लिहिताच येत नाहीत.

आधी तारीख. ट्रायल लग्नाच्या तीन ते चार आठवडे आधी ठेवा. फार आधी केली तर त्वचा, वजन, केसांची लांबी बदलते, आणि शालूही अजून घेतलेला नसतो. शेवटच्या आठवड्यात केली तर काही खटकलं तरी दुरुस्त करायला वेळ नसतो. फेशियल, ब्लीच किंवा थ्रेडिंगच्या दुसऱ्याच दिवशी ट्रायल घेऊ नका. त्वचा लाल असते, बेसचा रंग चुकतो आणि आग झाली तर दोष तुमच्या मेकअपला लागतो.

मग नवरीने काय आणायचं. शालू किंवा निदान त्याच्या ब्लाउजचा तुकडा, नथ, ठुशी किंवा साज यांतलं जे घालणार ते, आणि मुंडावळ्या. नथ चापाची आहे की नाक टोचलेलं आहे, यावर ओठांचा मेकअप आधी की नंतर हे ठरतं. चापाची नथ घट्ट असली तर नाकाच्या पाळीवरचा बेस उडतो, हे लग्नाच्या सकाळी नव्हे, ट्रायललाच कळायला हवं. मुंडावळ्या कपाळावरून जाऊन मागे बांधल्या जातात. अंबाड्याला त्यांची गाठ धरायला आधार ठेवला नसेल, तर होमाला बसेपर्यंत त्या भुवयांवर येतात आणि नवरी दर दोन मिनिटांनी हाताने वर सारत राहते. कपाळावरचा बेस तिथेच जातो.

पापण्यांचा गोंद आणि बेस यांची चाचणी ट्रायलच्या आदल्या दिवशी कानामागे करून घ्या आणि चोवीस तास बघा. ट्रायल झाल्यावर नवरीला लगेच तोंड धुवायला लावू नका. पाच-सहा तास मेकअप चेहऱ्यावर राहू दे, तिने घरी जावं, जेवावं, आणि संध्याकाळी खिडकीजवळ एक आणि फ्लॅश लावून एक असे दोन फोटो पाठवावेत. काही पावडरी आणि सनस्क्रीन फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा दाखवतात. आरशात ते दिसत नाही, फोटोग्राफरच्या अल्बममध्ये मात्र कायमचं राहतं.

एक गोष्ट नवरीला ट्रायललाच सांगून ठेवा. हळद त्याच सकाळी लागणार असेल, तर चेहऱ्यावर पिवळी झाक राहते आणि ट्रायलचा बेस तसाच्या तसा जुळत नाही. हळद आदल्या संध्याकाळी घेता आली तर उत्तम. नाहीतर चेहऱ्यावर बोटभरच लावायला घरच्यांना सांगा.

आता पैशांचं. ट्रायल फुकट ठेवू नका, आणि तिची फी बुकिंग झाल्यावर वजा होते की नाही, हे एका वाक्यात ठरवा. माझं मत: वजा करा. फी घेतल्याने नुसत्या बघायला येणाऱ्या गळतात, आणि वजा केल्याने खरी नवरी दुखावत नाही. एक मात्र पाळा, एका ट्रायलमध्ये एक मेकअप आणि एक हेअरस्टाइल. ‘दुसरी पण करून बघू का?’ याला दर ठरवून ठेवा, नाहीतर अडीच तासांचे पाच होतात.

तपासा: ट्रायलबद्दल कॅप्शनमध्ये पाच गोष्टी आल्या का? फी, जागा, वेळ, त्यात काय आणि वजा होणार का. नवरीने काय आणायचं ही यादी कॅप्शनमध्ये घालू नका. ती ट्रायल ठरल्यावर पाठवायच्या मेसेजमध्ये हवी.

## टप्पा ४: ॲडव्हान्स, आणि आधी काय: ट्रायल की बुकिंग

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून सावकाश घ्या.

नवरी म्हणते, आधी ट्रायल बघू, मग ॲडव्हान्स देते. तुम्ही ट्रायल करता. ती म्हणते, घरी विचारून सांगते. चार दिवसांनी दुसरी नवरी त्याच तारखेचा ॲडव्हान्स घेऊन येते. तुम्ही तो घेता. पाचव्या दिवशी पहिलीचा फोन: ‘आमचं ठरलं हो.’ आता दोघींपैकी एक तुमच्या नावाने गावभर बोलणार.

उपाय दोन आहेत, दोन्ही चालतात, पण कॅप्शनमध्ये एकच असावा. पहिला: आधी ट्रायल, मग ठराविक मुदतीत ॲडव्हान्स. ट्रायलनंतर दोन दिवस तारीख तिच्यासाठी राखून ठेवायची. दोन दिवसांत पैसे आले नाहीत तर तारीख खुली. दुसरा: आधी ॲडव्हान्स, मग ट्रायल. यात अट अशी की ट्रायल आवडली नाही आणि दोन दिवसांत तसं कळवलं, तर ट्रायलची फी कापून ॲडव्हान्स परत. मोठ्या मुहूर्ताच्या तारखांना दुसरा उपाय बरा, कारण त्या दिवशी तीन-तीन जणी विचारत असतात. एरवी पहिला साधा आणि लोकांना पटणारा. एकीला एक आणि दुसरीला दुसरा नियम लावायचा असेल, तर तो तारखेवरून लावा, ओळखीवरून नको.

रक्कम किती? १८,००० च्या पॅकेजला ५,००० रुपये बरोबर वाटतात. हजार-दोन हजार घेतले तर दुसरीकडे स्वस्त मिळालं की लोक ते सोडून देतात. निम्म्याच्या वर मागितले तर नवीन आर्टिस्टवर तेवढा विश्वास कोणी टाकत नाही. बाकी रक्कम लग्नाच्या दिवशी मागू नका. त्या दिवशी नवरीचे वडील हॉलवाल्याशी आणि केटररशी बोलत असतात, पाकीट कोणा काकांकडे असतं आणि काका फेटा बांधायच्या रांगेत असतात. तीन दिवस आधीची तारीख ठेवा.

आता ‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही’ ही ओळ. सगळे लिहितात, आणि बहुतेकांना वाटतं की लिहिलं म्हणजे झालं. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ७४ असं सांगतं की करार मोडल्याबद्दल आधी रक्कम ठरवून ठेवली असली, तरी त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. सहा महिने आधी रद्द केलेल्या तारखेवर दुसरं बुकिंग मिळालं असेल, तर पूर्ण पैसे ठेवून घेणं वाजवी आहे हे पटवून देणं अवघड. म्हणून पायऱ्या ठेवा. लग्नाच्या ६० दिवस आधी रद्द केलं तर निम्मा परत, त्यानंतर नाही. आणि तुमच्याकडून रद्द झालं तर सगळा परत, हेही लिहा. ही ओळ लिहिणाऱ्या आर्टिस्ट थोड्या, पण नवरीच्या आईच्या नजरेला नेमकी तीच पडते.

रद्द होणं वेगळं, तारीख पुढे जाणं वेगळं. आपल्याकडे घरात सुतक आलं की लग्न पुढे ढकलतात. त्या वेळी ‘नियमाप्रमाणे ॲडव्हान्स गेला’ असं सांगणं माणुसकीलाही धरून नाही आणि धंद्यालाही. सुतकासाठी मुदतीची अट ठेवू नका. एरवी ३० दिवस आधी कळवलं तर एकदा तारीख बदलून द्या, नवीन तारीख तुमच्याकडे रिकामी असेल एवढीच अट.

इशारा: ॲडव्हान्स यूपीआयने घ्या, रोख घेतलात तर लगेच मेसेजवर पोच द्या. पोचेत लग्नाची तारीख, अक्षतांची वेळ, पॅकेजचं नाव आणि बाकी रक्कम, या चारही गोष्टी हव्यात. कॅप्शनमध्ये यूपीआयचा नंबर टाकू नका. विचारणा खरी आहे हे बघितल्यावरच तो द्या.

## टप्पा ५: आता कॅप्शन लिहा

इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० कॅरेक्टरची मर्यादा आहे, आणि फीडमध्ये सुरुवातीची साधारण १२५ च दिसतात, बाकी टिचकी मारल्यावर. मराठीत ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठते, कारण मात्रा, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूण वेगवेगळी मोजली जाते. ‘कोल्हापूर’ वाचताना चार अक्षरं, मोजणीत नऊ. त्यामुळे पहिल्या ओळीत शुभेच्छा आणि ‘स्वप्नातली नवरी’ यांना जागा नाही. गाव, काम, दर, बस.

क्रम असा: पहिली ओळ, मग आत काय, बाहेर काय, ट्रायल, बुकिंग, बदल आणि रद्द, शेवटी विचारताना काय पाठवायचं. दर शेवटी ढकलू नका. जिचं बजेट बसत नाही तिला पहिल्या ओळीतच कळू द्या, त्यात तिचाही वेळ वाचतो. शेवटची ओळ मात्र विसरू नका. तारीख, वेळ आणि जागा मागितली नाही, तर ‘हाय’ आणि ‘रेट’ एवढेच मेसेज येतात.

वरचे सगळे निर्णय धरून पूर्ण कॅप्शन अशी होते:

> कोल्हापूर ब्रायडल मेकअप | लग्न + रिसेप्शन, दोन लुक | १८,००० रुपये | ट्रायल व ॲडव्हान्सचे नियम खाली
>
> पॅकेजमध्ये:
> • लग्नाचा एचडी मेकअप, हेअरस्टाइल, दोन वेळा साडी नेसवणे (नऊवारी किंवा सहावारी)
> • त्याच दिवशी रिसेप्शनचा दुसरा लुक: मेकअप, केस, साडी किंवा घागरा
> • पापण्या, नथ आणि मुंडावळ्या बसवणे
> • अक्षता होईपर्यंत टच-अपसाठी सहाय्यक हॉलवर
>
> वेगळे:
> • फुलं, गजरे, कृत्रिम केस, लेन्स, भाड्याचे दागिने
> • घरातल्यांचा मेकअप प्रत्येकी २,००० (नावं ७ दिवस आधी)
> • पहाटे ५ च्या आधी सुरुवात: १,०००
> • शहराबाहेर: जाऊन-येऊन अंतरावर किलोमीटरला १५ रुपये
>
> ट्रायल: १,५०० रुपये, स्टुडिओवर, अडीच तास, एक मेकअप व एक हेअरस्टाइल. बुकिंग केल्यास ही रक्कम पॅकेजमधून वजा.
>
> बुकिंग: ट्रायलनंतर २ दिवस तारीख तुमच्यासाठी राखून ठेवतो. ५,००० ॲडव्हान्स मिळाला की तारीख पक्की. उरलेली रक्कम लग्नाच्या ३ दिवस आधी.
>
> तारीख बदलली तर: ३० दिवस आधी कळवल्यास रिकाम्या तारखेला ॲडव्हान्स तसाच राहील, एकदाच. सुतक असल्यास ही मुदत लागू नाही.
> रद्द केल्यास: ६० दिवस आधी निम्मा ॲडव्हान्स परत, नंतर परत नाही. आमच्याकडून रद्द झाल्यास ट्रायलच्या फीसह सगळे पैसे परत.
>
> विचारताना एवढं पाठवा: लग्नाची तारीख, अक्षतांची वेळ, कार्यालय आणि गाव, घरातले किती जण.

खाली हॅशटॅग तीन-चार पुरे. लोक शोधताना बहुधा रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून `#kolhapurmakeupartist` आणि `#kolhapurbridalmakeup` यांसारखे गावाच्या नावाचे घ्या. देशभराचे मोठे हॅशटॅग लावून दिल्लीच्या नवरीचा मेसेज आला, तर तिच्याकडे तुम्ही जाणार आहात का? कॅप्शनमध्ये लिंक टाकली तरी ती दाबता येत नाही. व्हॉट्सॲपची लिंक प्रोफाइलवर ठेवा.

## टप्पा ६: पोस्ट करण्याआधी एक लग्न चालवून बघा

कॅप्शन वाचून बरी वाटते म्हणून पोस्ट करू नका. एक कल्पित लग्न घ्या आणि फक्त कॅप्शनवरून बिल काढता येतं का ते बघा. शक्य असेल तर हे काम घरातल्या अशा कोणाला तरी सांगा, जिला तुमच्या धंद्यातलं काही माहीत नाही.

लग्न कागलला, अक्षता दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी, रिसेप्शन संध्याकाळी तिथेच. मेकअप नवरीचा, करवलीचा आणि आईचा. पॅकेज १८,०००. दोघींचे ४,०००. जाऊन-येऊन ४० किलोमीटर धरले तर ६०० रुपये. पहाटेचे पैसे लागतात का? अक्षतांच्या तासभर आधी नवरी पूर्ण तयार हवी, म्हणजे साडेअकरा. नवरीला तीन तास आणि दोघींना मिळून दीड तास धरला, तरी सातला सुरुवात केली की जमतं. म्हणजे नाही. एकूण २२,६००. ट्रायलचे १,५०० आणि ॲडव्हान्सचे ५,००० आधीच आलेत. बाकी १६,१००, लग्नाच्या तीन दिवस आधी.

तुमच्या घरातल्या माणसाने हाच आकडा काढला तर कॅप्शन चालते. तिने ‘ट्रायलचे वजा करायचे का?’ किंवा ‘किलोमीटर एका बाजूचे की दोन्ही?’ असं विचारलं, तर ज्या ओळीवर ती अडली ती ओळ पुन्हा लिहा. गोरज मुहूर्ताचं लग्नही एकदा असंच चालवून बघा. संध्याकाळी अक्षता आणि लगेच रिसेप्शन असेल, तर दोन लुकच्या मध्ये तासभरही मिळत नाही. त्यात चेहरा पूर्ण धुऊन नवा मेकअप होत नाही, केस, ओठ आणि डोळे एवढंच बदलता येतं. अशा लग्नासाठी ‘दुसरा लुक’ म्हणजे काय हे कॅप्शनमध्ये एका ओळीत घाला, किंवा विचारणा आल्यावर सगळ्यात आधी तेच बोला.

फोटोही तपासा. तो तुमच्याच कामाचा हवा, याच पॅकेजचा हवा आणि नवरीने लावायला परवानगी दिलेली हवी. परवानगी मेसेजवर लेखी घ्या. सासरकडून नंतर ‘फोटो काढा’ असा फोन येऊ शकतो. आला तर वाद न घालता काढा.

## टप्पा ७: पोस्ट केल्यानंतर

कॅप्शन आणि व्हॉट्सॲपवरचा तयार मेसेज यांत एका रुपयाचाही फरक नको. दोन ठिकाणी दोन दर दिसले की लोक स्वस्त दराचा स्क्रीनशॉट पाठवतात, आणि मग तोच तुमचा दर होतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये झटपट उत्तरं साठवता येतात, तिथे कॅप्शनचाच मजकूर ठेवा. टिप्पण्यांत कोणी दर विचारला तर ‘मेसेज केलाय’ असं न लिहिता तिथेच ‘१८,०००, सविस्तर वर आहे’ असं लिहा. तोच प्रश्न मनात असलेल्या बाकीच्यांना ते वाचूनच उत्तर मिळतं.

दर वाढवायचे असतील तर नवी पोस्ट टाका आणि जुनीतली कॅप्शन संपादित करून वरच तारीख घाला: ‘हे दर मे अखेरपर्यंतच्या बुकिंगसाठी’. जुनी पोस्ट नुसती पुसून टाकू नका, तिचा स्क्रीनशॉट कोणाकडे तरी असतोच. ज्यांचा ॲडव्हान्स आधी आलाय त्यांना जुनाच दर लागू राहील, लग्न नव्या दरानंतरच्या तारखेला असलं तरी. नव्या दराची पोस्ट प्रोफाइलच्या वर पिन करा आणि आधीची पिन काढा. हे करायचं राहिलं, तर नवरी जुनीच पोस्ट वाचून फोन करते.